हलक्या वाऱ्यात डिंगी, म्हणजे छोटी शिडाची नाव, टॅक करताना म्हणजे नाक वाऱ्यातून पलीकडे वळवताना मध्येच थांबते; जाइबला, म्हणजे मागची बाजू वाऱ्यातून वळवताना, बूम म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा पलीकडे जात नाही. काय चुकतंय?

बहुधा टिलर, म्हणजे सुकाणू फिरवायचा दांडा, जोरात ढकलला जातोय. आडवं झालेलं सुकाणू ब्रेकसारखं लागतं, आणि हलक्या वाऱ्यात गेलेला वेग लवकर परत येत नाही. आधी नाक वाऱ्यापासून जरा दूर वळवून वेग घ्या, मग टिलर हळूहळू शिडाच्या बाजूला न्या. तरी अडकलात आणि नाव मागे सरकू लागली, तर टिलर व बूम एकाच बाजूला ढकलून धरा. नाकही त्याच बाजूला वळतं. मग टिलर सरळ करून शीड ओढा.

जाइबमध्ये वारा बरोबर पाठीमागे आला की डोकं खाली घालून बूमखालचे मेनशीटचे, म्हणजे मुख्य शीड ओढायचे, दोर मुठीत धरा आणि बूम स्वतःच पलीकडे ओढा. बूम गेल्याबरोबर टिलर मध्यावर आणा.