नीटचा अभ्यास आणि चिठ्ठीविना मिळणारी गोळी

प्रश्न: माझ्या हॉस्टेलच्या खोलीतल्या दोघी नीटच्या अभ्यासासाठी मोडाफिनिल घेतात आणि रात्र रात्र जागतात. मी घेत नाही. हा माझ्यासारख्यांवर अन्याय नाही का? की मीही सुरू करू?

सुरू करू नकोस. अन्याय आहे, पण तुला वाटतो तिथे नाही. मी कुडाळात मेडिकल चालवतो, बी.फार्म. आहे, आणि या गोळीवरून माझ्या घरात मोठं भांडण झालेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दोन वर्षांपूर्वी गणपतीत बहीण आणि भावोजी मुंबईहून आले होते. भाचा तेव्हा पुण्याला क्लासच्या हॉस्टेलवर, नीट रिपीट करत होता. आरतीनंतर भावोजींनी मला पडवीत बोलावलं आणि मोबाईलवर गोळीचं नाव दाखवलं. क्लासमधली अर्धी पोरं घेतात म्हणे. मी म्हटलं, डॉक्टरची चिठ्ठी आणा. त्यावर ते म्हणाले, "घरचा मेडिकल असान उपयोग काय? एक पाकीट देवक तुका काय जाता? पोराचा वरस फुकट गेला तर तू देतलस काय?" बहीण मध्ये पडली नाही. मी दिली नाही. त्यानंतर भावोजी माझ्याकडे जेवले नाहीत, आणि गौरी जेवायच्या आत ते मुंबईला गेले.

गोळी भाच्याला पुण्यातच मिळाली. कुठल्या तरी दुकानात, चिठ्ठी न बघता. पुढचं सगळं मला त्याने स्वतः सांगितलं. तो माझ्याशी मोकळेपणाने बोलतो, बापाशी बोलत नाही.

क्लास सुटला की दुपारी चारला तो 200 मिलिग्रॅमची एक गोळी घ्यायचा. ही गोळी पोटात गेल्यावर दोन ते चार तासांत रक्तात सगळ्यात जास्त असते, आणि तिचं प्रमाण निम्मं व्हायला साधारण 12 ते 15 तास लागतात. म्हणजे पहाटे चार-सहा वाजता अंगात अजून 100 मिलिग्रॅमच्या आसपास गोळी काम करते आहे, आणि पोरगा झोपायला बघतो आहे. दुसऱ्या दिवशी चारला जुनी 50-65 मिलिग्रॅम उरलेली असते, त्यावर नवी 200 पडते. मूळ ज्यांच्यासाठी ही गोळी आहे, त्यांना दिवसाढवळ्या अनावर झोप येण्याचा आजार असतो. नार्कोलेप्सी म्हणतात त्याला. ते लोक ती सकाळी घेतात, याचं कारण हेच. रात्रपाळीवाल्यांना डॉक्टर पाळीच्या तासभर आधी देतात, कारण ते दिवसा झोपणार असतात. अभ्यास करणाऱ्या पोराला संध्याकाळची गोळी कोणी शहाणा डॉक्टर देणार नाही.

पहिले काही आठवडे तो खूश होता. दहा दहा तास बैठक. भूक मेलेली, डोकं दुखतंय, पण वह्या भरतायत. मग जानेवारीत क्लासच्या सराव परीक्षा सुरू झाल्या. 2025 पासून नीटला 180 प्रश्न आणि 180 मिनिटं झाली, आधीची वीस मिनिटं जास्तीची गेली. प्रश्नाला सरासरी एक मिनिट. क्लासच्या अॅपमध्ये प्रत्येक प्रश्नावर किती वेळ गेला ते दिसतं. फिजिक्सच्या एकेका गणिताला तो चार चार, पाच पाच मिनिटं चिकटून बसला होता. सोडून पुढे जाणं त्याला सुचतच नव्हतं. बायोलॉजीचे 90 प्रश्न असतात, पाठ असलेले, अर्ध्या-पाऊण मिनिटाचे. त्यांतले शेवटचे कितीतरी कोरे राहिले, आणि घाईत ठोकलेल्यांपैकी चुकलेल्यांचा एकेक मार्क कापला गेला. विचारलं तर म्हणाला, "मामा, पेपर देताना मला वाटत होतं की मी एकदम भारी सोडवतोय."

मी ते स्क्रीनशॉट बघितले तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही, कारण यावर झालेलं काम मी वाचलेलं होतं. 2023 साली मेलबर्न आणि केंब्रिजच्या संशोधकांनी 40 निरोगी माणसांना पिशवीचं कोडं सोडवायला दिलं. ठराविक वजन मावणारी पिशवी, वेगवेगळ्या किमतीच्या वस्तू, जास्तीत जास्त किंमत कशी भराल. त्यांना वेगवेगळ्या वेळी मोडाफिनिल, मेथिलफेनिडेट, डेक्सअॅम्फेटामिन ही उत्तेजक औषधं आणि नुसती खोटी गोळी दिली. औषधावर माणसं जास्त वेळ झटली, जास्त हालचाली केल्या, पण उत्तरांचा दर्जा उतरला. आणि जे खोट्या गोळीवर सरासरीपेक्षा वर होते, ते औषधावर सरासरीच्या खाली आले. त्याआधी बुद्धिबळपटूंवर झालेल्या प्रयोगातही हेच दिसलं होतं की गोळी घेतलेले खेळाडू एकेका चालीवर जास्त वेळ विचार करतात आणि घड्याळावर हरतात. नीट हा घड्याळाचाच पेपर आहे.

दुसरी बाजूही सांगतो. ऑक्सफर्ड आणि हार्वर्डच्या दोघा संशोधकांनी 2015 मध्ये मोडाफिनिलवरचे 24 अभ्यास एकत्र तपासले होते. लांबलचक, गुंतागुंतीच्या कामात नियोजन आणि निर्णय यांत थोडा फायदा त्यांना दिसला. स्मरणशक्तीत फारसा नाही. झोप न झालेल्या माणसाला ही गोळी जागं ठेवते, यात तर वादच नाही. पण नीटच्या पोरांना पाठ केलेलं टिकवायचं असतं, आणि दिवसभराचं वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते रात्रीच्या झोपेत. ती झोपच गोळी खाते.

म्हणून तुझ्या खोलीतल्या दोघी तुझे मार्क पळवतायत असं मला वाटत नाही. अन्याय वेगळाच आहे. त्या घेतात म्हणून तुला रात्री अकराला झोपताना अपराधी वाटतं, तुझी आई फोनवर "बाकीच्या काय करतात" विचारते, आणि न घेणाऱ्याला आपण का घेत नाही याचं कारण द्यावं लागतं. गोळीने रँक वाढो न वाढो, वाढते अशी समजूत पसरली की नकार देणं महाग होतं. भावोजींचं पोरगं त्या समजुतीवर पुढे ढकललं गेलं. समजूत पसरते ती चिठ्ठीविना पाकीट सरकवणाऱ्या दुकानदारामुळे. माझ्याच धंद्यातले लोक हे करतात, आणि त्याची मला चीड आहे.

खेळात हे सरळ असतं. अमेरिकेच्या केली व्हाइटने 2003 च्या पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत 100 आणि 200 मीटरची सुवर्णपदकं जिंकली, तपासणीत मोडाफिनिल सापडलं आणि पदकं गेली. नीटच्या दारात कानातले आणि घड्याळ काढून घेतात, लघवी कोणी तपासत नाही. आणि तपासूही नये, असं माझं ठाम मत आहे. कारण आहे.

माझ्याकडे एक आई येते. तिच्या मुलाला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास आहे, रीतसर निदान झालेलं. त्याला मेथिलफेनिडेट लागतं. ते शेड्यूल एक्सचं औषध. वेगळा परवाना, कुलुपातलं कपाट, डॉक्टरची चिठ्ठी दोन प्रतींत, आणि एक प्रत दुकानदाराने दोन वर्षं जपायची. आमच्या भागात सगळी दुकानं हा व्याप करत नाहीत. ती बाई त्यासाठी एसटीने हेलपाटे घालते, आणि शाळेत कोणाला सांगत नाही, कारण "तुझा पोरगा गोळी खाऊन मार्क आणतो" हे ऐकावं लागेल. त्या मुलाला ती गोळी बाकीच्यांच्या रेषेवर आणून उभी करते. तुझ्या मैत्रिणींसारख्यांनी हौसेने घेतलेल्या पाकिटांमुळे त्याच्यावर संशय येतो. मी वर जे जे लिहिलं ते निरोगी माणसाबद्दल आहे, अशा मुलांना ते लागू नाही. हे वाचून कोणी आपलं चालू औषध बंद करू नये.

भावोजींचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे आणि तो मी टाळणार नाही. ते म्हणतात, "दोन लाखांचा क्लास चालतो, कॉफी चालते, मग गोळीनेच काय घोडं मारलंय?" क्लासची फी हा अन्यायच आहे. बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो, आणि तरी इथल्या पोरांना नीटसाठी पुणे-लातूर गाठावं लागतं. ज्याला परवडत नाही तो माणगाव खोऱ्यातून एसटीने येऊन वाचनालयात बसतो. पण क्लासमध्ये शिकलेलं फिजिक्स पोराच्या डोक्यात राहतं. गोळीचा अंमल उतरला की मागे उरतो तो थकवा आणि बिघडलेली झोप. कॉफी सगळ्यांसमोर पितात, जास्त झाली तर हात थरथरतात आणि माणूस थांबतो. मोडाफिनिल लपवून घेतात, म्हणून काही बिघडलं तरी पोरं सांगत नाहीत.

तुझ्या मैत्रिणींना दोन गोष्टी मात्र सांग. अंगावर पुरळ आलं, तोंडात फोड आले किंवा ताप आला तर गोळी त्याच क्षणी बंद आणि थेट डॉक्टर. असं क्वचित होतं, पण होतं तेव्हा जिवावर बेततं. आणि मोडाफिनिलमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. पीसीओडीसाठी त्याच हार्मोनच्या गोळ्या कितीतरी मुली घेतात, आणि दुकानदार ते विचारत नाही. ज्या दुकानातून त्या आणतात त्याचं नाव अन्न व औषध प्रशासनाला कळवता येतं. मैत्रिणींची नावं द्यायची गरज नाही.

भाच्याने मार्चमध्ये गोळी सोडली. दोन आठवडे दिवसा पेंगत होता, मग झोप बसली. मेमधला पेपर त्याने गोळीविना दिला. फिजिक्स त्या वर्षी सगळ्यांनाच जड गेलं. त्याला अपेक्षेपेक्षा कमी मार्क पडले आणि एमबीबीएस मिळालं नाही. गोळीमुळेच पडले असा दावा मी करत नाही, एका मुलावरून तसं सांगता येत नाही. भावोजी मात्र सगळीकडे सांगतात की मेव्हण्याने वेळेवर चांगल्या कंपनीची गोळी दिली असती तर पोरगं डॉक्टर झालं असतं. आता त्यांची धाकटी मुलगी अकरावीत आहे. ते विचारायला आले तर त्यांना सराव परीक्षेचे ते स्क्रीनशॉट दाखवणार आहे, प्रत्येक प्रश्नापुढच्या मिनिटांसकट. तरी पाकीट हवं असेल तर चिठ्ठी लागेल.