जिनिंगसाठी अ‍ॅप बनवतोय, फायरबेस घेतलं तर पुढे त्यातच अडकून पडू का? की पहिल्यापासूनच स्वतःचा सर्व्हर आणि पोस्टग्रेस लावावं?

फायरबेसच घ्या भाऊ. मी यवतमाळकडच्या एका जिनिंगचं असंच अ‍ॅप तीन हंगामापासून चालवून राहिलो. काट्यावर नेटचा काही भरवसा नाही, गाड्यांची लाइन लागली की नेमकी तेव्हाच रेंज जाते. फायरस्टोअर नोंद मोबाईलमध्येच ठेवून घेते आणि रेंज आली की आपोआप वर पाठवते, हेच काम स्वतः लिहायला बसलात तर कापूस संपेल पण सिंक संपणार नाही. एवढ्यासाठी अडकणं मला परवडते.

लॉगिनचं तर टेन्शनच घेऊ नका. ओटीपी असला की पासवर्ड नाहीच, शेतकऱ्याची ओळख म्हणजे त्याचा मोबाईल नंबर, उद्या दुसरीकडे गेलात तर एसएमएस पाठवणारा तेवढा बदलतो. फक्त पावतीवर फायरबेसचा युआयडी नका टाकू, आपला स्वतःचा खाते नंबर टाका.

खरी गाठ बसते रिपोर्टात. फायरस्टोअरमध्ये आपल्या नेहमीसारखं जॉइन नाही आणि हिशोब लागतो वाचलेल्या डॉक्युमेंटवर, रोजचे 50,000 रीड फुकट. आमच्याकडे दिवसाला 150 गाड्या धरा, 120 दिवसांत 18,000 काटापावत्या झाल्या. दिवाणजींनी पूर्ण हंगामाचा गाववार रिपोर्ट तीनदा उघडला की 54,000, गेला कोटा! मग मी शहाणपणा करून बेरजा आधीच मांडून ठेवायला लागलो, गावाच्या वेगळ्या, शेतकऱ्याच्या वेगळ्या, आणि एक वजन दुरुस्त करायचं तर चार जागी हात घालावा लागे. म्हणजे डेटा नाही, माझा कोडच तिथं रुतला.

आता रात्री एक स्क्रिप्ट त्या दिवशी बदललेल्या पावत्या उचलून छोट्या पोस्टग्रेसमध्ये टाकते आणि सगळे रिपोर्ट तिथूनच निघतात. फायरस्टोअरचा स्वतःचा एक्सपोर्ट आहे, पण तो परत फायरस्टोअरमध्ये नाहीतर बिगक्वेरीत जातो, पोस्टग्रेसमध्ये सरळ उतरत नाही, त्यामुळे ही रोजची कॉपी हाच आपला बाहेर पडायचा रस्ता. यात मी एकदा फसलो. बदलाची वेळ मोबाईलच्या घड्याळाची घेतली होती, दोन दिवस ऑफलाइन राहिलेल्या फोनच्या पावत्या जुनी वेळ घेऊन आल्या आणि स्क्रिप्टनं सोडून दिल्या, काट्याच्या रजिस्टरशी बेरीज जुळेना तेव्हा कळलं. वेळ सर्व्हरची घ्या:

```
updatedAt: serverTimestamp()
```

आणि पावती डिलीट कधीच करू नका, 'रद्द' असा शिक्का मारा, कारण डिलीट झालेली पावती या स्क्रिप्टला दिसतच नाही आणि पोस्टग्रेसमध्ये तशीच पडून राहते.

तुमच्याकडे मात्र काट्यावर एकच कॉम्प्युटर असेल, पक्की केबल आणि इन्व्हर्टर असेल, तर एवढा खटाटोप कशाला, सरळ पोस्टग्रेसच लावा.