नापास लॉट परत करताना: पत्रात काय लिहायचं, काय मागायचं

प्रश्न: 2,000 पोलादी बुश आले. 125 तपासले, 9 नापास. "माल खराब आहे, घेऊन जा" असं व्हॉट्सॲपवर कळवलं, तर सप्लायर विचारतो, नेमकं काय खराब? पत्रात किती तपशील द्यायचा? (भोसरी)

सप्लायरच्या क्वालिटीवाल्याने तुमचं पत्र समोर ठेवून, तुम्ही घेतलं तेच माप त्याच पद्धतीने घेतलं, तर त्याला तेच दिसायला हवं. इतका तपशील द्या. तुम्ही पाठवलेल्या ड्रॉइंगवरून आणि मापांवरून पत्र साधारण असं होईल. नंबर आणि तारखा तुमच्या घाला:

> पीओ क्र. 118, बुश, 2,000 नग. लॉट नामंजूर.
>
> आपल्या इनव्हॉइस क्र. 451 चा माल 3 जूनला आमच्याकडे उतरला. ड्रॉइंग रिव्हिजन 2 प्रमाणे बोअर 20 एच7, म्हणजे 20.000 ते 20.021 मिमी हवा. पीओत ठरल्याप्रमाणे आयएस 2500, जनरल लेव्हल 2, एक्यूएल 1.0 लावून 125 नग तपासले. या प्लॅनमध्ये 3 दोषी नगांपर्यंत लॉट पास होतो, 4 ला नापास. आम्हाला 9 सापडले. या नऊ नगांत प्लग गेजची नो-गो बाजू पूर्ण लांबीभर जाते. बोअर गेजवर मापं 20.027 ते 20.034 मिमी आली. नगवार मापं, फोटो आणि गेजचा कॅलिब्रेशन दाखला सोबत आहे. नऊ नग क्रमांक घालून जपून ठेवले आहेत.
>
> सर्व 2,000 नग 12 जूनपर्यंत बदलून द्यावेत. तोपर्यंत न मिळाल्यास पूर्ण लॉटची क्रेडिट नोट द्यावी. माल लाल टॅग लावून वेगळा ठेवला आहे. 7 जूनपर्यंत येऊन पाहावा आणि 12 जूनपर्यंत आपल्या खर्चाने उचलावा.

रिव्हिजन नंबर कधीही गाळू नका. बरेच वाद तिथेच सुरू होतात आणि तिथेच संपतात, कारण सप्लायरच्या मशिनवर जुनंच ड्रॉइंग लावलेलं असतं. बोअर मोठा का निघाला याचा अंदाज पत्रात बांधू नका. रीमर मोठा होता, रनआऊट होता की ऑफसेट चुकला, हे शोधणं त्याचं काम आहे. तुमचा अंदाज चुकला तर तो फक्त त्यालाच उत्तर देत बसेल आणि 20.034 हे माप बाजूला पडेल.

फोटो काढताना नो-गो बुशमध्ये उतरलेली, गेजवर कोरलेला आकडा आणि नगावर मार्करने घातलेला क्रमांक एकाच चौकटीत येऊ द्या. दुसरा फोटो पेटीच्या लेबलचा. नुसत्या चकचकीत बुशच्या फोटोतून काहीच सिद्ध होत नाही. पत्र ईमेलने पाठवा आणि व्हॉट्सॲपवर त्याची फक्त आठवण द्या.

प्रश्न: सप्लायर म्हणतो, नऊच तर खराब आहेत. ते परत द्या, बाकीचे 1,991 वापरा. हे मान्य करावं का? (भोसरी, तेच वाचक)

नाही. नऊ दोष 125 नगांत सापडले आहेत, म्हणजे 7.2 टक्के. तेच प्रमाण पूर्ण लॉटला लावलं तर 2,000 मध्ये अंदाजे 144 नग मोठ्या बोअरचे निघतील. त्यातले 135 च्या आसपास अजून पेट्यांमध्ये आहेत आणि कुठल्या पेटीत ते कोणालाच माहीत नाही. सॅम्पलिंग प्लॅनचा निकाल लॉटवर असतो, सापडलेल्या नगांवर नाही. पीओत प्लॅनच लिहिलेला नसेल, तर मात्र हे पटवणं कठीण जातं. पुढच्या पीओत ती एक ओळ नक्की घाला.

माल तातडीने हवा असेल, तर मधला रस्ता आहे. सप्लायरने त्याची माणसं तुमच्याकडे पाठवून, त्याच्या खर्चाने शंभर टक्के सॉर्टिंग करायचं. चांगले नग वेगळे निघाले की त्यातून तुम्ही पुन्हा सॅम्पल घ्यायचं आणि ते पास झालं तरच स्वीकारायचं. दोष गो-नोगोने पकडता येत असल्यामुळे तुमच्या बाबतीत हे जमेल. हार्डनेसचा दोष असता तर हा रस्ता मी सुचवला नसता. शिवाय हे तोंडी ठरवू नका. अर्धा माल स्वीकारला की उरलेला नाकारण्याचा कायदेशीर हक्क काही करारांत निसटू शकतो, म्हणून "सॉर्टिंगनंतर पास झालेलेच नग स्वीकारले, बाकी नामंजूर" हे दोघांनी लिहून घ्यायचं.

रिवर्कचा विषय इथे येतच नाही. लहान बोअर होनिंग करून मोठा करता येतो, पण मोठा झालेला लहान कसा करणार?

प्रश्न: आमच्या गेजने नापास झालेले नग सप्लायरच्या गेजने पास होतात. तो म्हणतो तुमचं गेजच चुकतंय. (चाकण)

गेज कोणाचं चुकतं यावर पत्रापत्री करू नका. क्रमांक घातलेले नग घेऊन दोघांनी एका टेबलावर बसा. दोन्ही गेजांचे चालू मुदतीचे दाखले आधी पाहा आणि मग तीन गोष्टी तपासा.

पहिली, नो-गो किती आत जाते? बऱ्याचदा बोअरचं तोंड भोंग्यासारखं उघडलेलं असतं. नो-गो दोन-तीन मिमी शिरून अडकते. एकाच्या मते ती "गेली", दुसऱ्याच्या मते "गेली नाही". म्हणून निरीक्षणात "आत जाते" एवढंच न लिहिता किती मिमी जाते ते लिहा.

दुसरी, माप कोणत्या उपकरणाने घेतलं? तीन जबड्यांच्या चकमध्ये दाबून धरलेला पातळ बुश चकमधून सुटला की बोअर किंचित तिकोनी होतो. दोन टोकांनी मोजणाऱ्या बोअर गेजला तो तिकोनीपणा दिसत नाही, त्यामुळे आकडा बरोबर येतो आणि गो प्लग मात्र आत जात नाही. इथे दोघंही खरं बोलत असतात.

तिसरी, तापमान. मापं 20 अंश सेल्सियसला धरलेली असतात. पोलादी बुश आणि पोलादी गेज तासन्‌तास एकाच खोलीत असतील तर फारसा फरक पडत नाही. पण 35 अंशांच्या शॉपमधून आलेला 20 मिमीचा बुश एसी खोलीतल्या गेजवर लगेच तपासला, तर साडेतीन मायक्रॉनच्या आसपास फरक पडतो. ॲल्युमिनियम असेल तर दुप्पट, म्हणजे सात मायक्रॉन. एच7 ची सगळी सवलत 21 मायक्रॉनची आहे. सीमेवरचे नग यात इकडचे तिकडे होऊ शकतात, त्यामुळे नग आणि गेज एकत्र ठेवून थांबा, मगच मोजा.

तरीही पटलं नाही, तर दोघांनी आधी नाव ठरवून एनएबीएल मान्यताप्राप्त लॅबकडे नग पाठवा. ज्याचं म्हणणं चुकीचं ठरेल त्याने लॅबचा खर्च द्यायचा, हेही पाठवण्यापूर्वीच लिहून ठेवा.

प्रश्न: फाउंड्रीतून 180 कास्टिंग आल्या. मशिनिंग केल्यावर 26 मध्ये ब्लो होल उघडे पडले. फाउंड्री नवीन कास्टिंग द्यायला तयार आहे, पण मशिनिंगचा खर्च देत नाही. (शिरोली, कोल्हापूर)

मशिनिंग केलं की कायद्याच्या नजरेत तुम्ही तो नग स्वीकारलेला असतो. मालविक्री कायदा, 1930 च्या कलम 42 प्रमाणे, विकणाऱ्याच्या मालकीशी विसंगत असं काही केलं की माल स्वीकारला असं धरतात. पण नुकसानभरपाई मागण्याचा हक्क त्यानंतरही राहतो, तो कलम 59 मध्ये आहे. म्हणून पत्रात "नामंजूर" या शब्दावर अडून राहू नका. कास्टिंगची किंमत आणि दोष दिसेपर्यंत झालेल्या मशिनिंगचा खर्च, असे दोन आकडे वेगळे मांडा. पीओत मशिनिंग खर्चाची अट असेल, तर काम सोपं होईल.

खरा जोर पुराव्यावर द्या. दोष दिसू लागले की काम तिथेच थांबवा आणि नगांवरचे हीट नंबर लिहून काढा. समजा 26 पैकी 23 एकाच हीटचे निघाले, तर त्या हीटचे जे नग अजून मशिनवर चढलेच नाहीत, ते सगळे, करार आड येत नसेल तर, तुम्ही आजही नाकारू शकता. पुढचं नुकसान यामुळेच थांबतं.

फोटोत खड्डा आणि हीट नंबर एकत्र आला पाहिजे. किती मिमी कट घेतल्यावर खड्डा उघडला, कोणत्या फेसवर, हेही लिहा. आतली भिंत गुळगुळीत, चमकदार असेल तर वायूमुळे झालेला ब्लो होल. खडबडीत, दाणेदार असेल तर श्रिंकेज. हे फाउंड्रीला लगेच कळतं. एखादा नग कापून पाहायचा असेल, तर त्यांचा माणूस समोर असतानाच कापा. आणि ते 26 नग स्क्रॅपमध्ये विकू नका. लोखंड फाउंड्रीला पुन्हा वितळवता येतं, ते त्यांना परत द्यायचं हे बोलणीत तुमच्या बाजूचं वजन आहे.

प्रश्न: आम्ही डेबिट नोट काढून पैसे कापले. अकाउंटंट म्हणतो सप्लायरची क्रेडिट नोट लागेल. मग रिप्लेसमेंट मागावी की क्रेडिट? (पिंपरी)

अकाउंटंटचं बरोबर आहे. तुमची डेबिट नोट हा तुमचा हिशेब झाला. जीएसटीत माल परत आल्यावर क्रेडिट नोट काढायची ती विकणाऱ्याने, कलम 34 प्रमाणे. त्यानंतर तुम्ही घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट तेवढं उलटवता. उदाहरणार्थ 42 रुपये दराने 2,000 नगांचे 84,000, त्यावर 18 टक्के म्हणजे 15,120 रुपये. नुसती डेबिट नोट काढली, तर हा कर सप्लायरच्या अंगावर राहतो आणि तो हटून बसतो. करासकट क्रेडिट नोट देण्याची मुदत पुढच्या आर्थिक वर्षातल्या 30 नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, जे आधी असेल ते.

निवड कामावरून करा. नग त्याच्याकडेच बनतो आणि त्याचं टूल तयार आहे, तर रिप्लेसमेंट. नग बाजारात मिळतो किंवा एकच दोष दुसऱ्यांदा आला, तर क्रेडिट. दोन्ही एकदम मागितलेलं पत्र मात्र पाठवू नका. पहिली मागणी, तिची तारीख, आणि ती चुकल्यास दुसरी, असा क्रम हवा. रिप्लेसमेंटलाही जुन्या बिलाची क्रेडिट नोट आणि नव्या मालाचं नवं बिल हा सगळ्यात स्वच्छ मार्ग.

प्रश्न: माल येऊन तीन आठवडे झाले, आता दोष दिसला. सप्लायर उद्यम नोंदणीवाला आहे आणि पैशांसाठी मागे लागलाय. (सातारा)

उशीर झाला आहे. एमएसएमईडी कायदा, 2006 प्रमाणे सूक्ष्म किंवा लघु सप्लायरच्या मालाबद्दल 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर डिलिव्हरीच्या दिवशीच माल स्वीकारला असं धरतात. पैसे देण्याची मुदत तिथून मोजतात. करार असला तरी ती 45 दिवसांपुढे जात नाही, आणि पुढे चक्रवाढ व्याज लागतं. 15 दिवसांत लेखी हरकत गेली असती, तर सप्लायर ती दूर करेल त्या दिवसापासून मुदत सुरू झाली असती.

दोषाची तक्रार यामुळे संपत नाही. आजच मापं, फोटो, नगसंख्या घालून पत्र पाठवा. दोष आधी का दिसला नाही हे एका वाक्यात लिहा. वाद नसलेल्या मालाचे पैसे मुदतीत द्या आणि दोषी नगांपुरतीच रक्कम मागा. तोवर त्या पेट्या कुलपात ठेवा. रात्रपाळीत लाइन अडली म्हणून कोणी त्यातली एक पेटी असेंब्लीला काढली, तर पत्रातलं तुमचं म्हणणं लंगडं पडेल.