आधी विचार, आतडं कुठे संपतं?

नागपूर, मे महिना

प्रिय मुली,

काल फोनवर तू म्हणालीस, "मॅडम, पेशंट सारखा पाणी मागतो, पाणी दिलं की पोटावरची पिशवी भरते, आणि तोंड तरी कोरडंच." याचं उत्तर आहाराच्या तक्त्यात नाही, ऑपरेशनच्या नोंदीत आहे. किती आतडं काढलं हे सगळे विचारतात. तू विचार, किती उरलं आणि ते कुठे संपतं: पोटावरच्या तोंडाशी, की मोठ्या आतड्याला जोडून? यावर सल्ला बदलतो.

मी सांभाळलेल्या एका पेशंटचं सांगते. आतड्याला पीळ पडून त्याचं बरंच लहान आतडं काढावं लागलं. लहान आतड्याचा वरचा भाग, म्हणजे जेजुनम, 110 सेंटीमीटर उरला आणि त्याचं तोंड पोटावर काढलं होतं. घरी गेला तेव्हा बाहेर पंचेचाळीसचं ऊन. घरचे मायेने म्हणायचे, "पाणी पी रे, भरपूर पी." माठातलं पाणी, चहा, लिंबू सरबत मिळून तो दिवसाला तीन लिटर प्यायचा. पिशवीतून साडेतीन लिटरच्या वर जायचं, लघवी जेमतेम 350 मिली. चार दिवसांत वजन 52 वरून 49.7 किलोवर आलं.

चार दिवसांत एवढं मांस झडत नाही, ते पाणी गेलेलं असतं. जेजुनमची भिंत सैल असते. बिनमिठाचं पाणी तिथे पोचलं की रक्तातलं सोडियम आतड्यात झिरपतं, त्याच्यामागे पाणी येतं, आणि खालचं आतडं वाटेत नसल्याने ते परत शोषलंच जात नाही. म्हणजे तो जितकं पीत होता तितका सुकत होता. लघवीतलं सोडियम तपासलं तर लिटरला 20 मिलिमोलच्या खाली होतं, म्हणजे शरीर मीठ धरून ठेवायला धडपडत होतं.

आम्ही साधं पाणी, चहा, सरबत मिळून दिवसाला अर्ध्या लिटरवर आणलं. तहानेला मीठ-ग्लुकोजचं पाणी: एक लिटर पाण्यात 20 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. यात लिटरला साधारण 90 मिलिमोल सोडियम बसतं. बाजारच्या नेहमीच्या ओआरएसमध्ये 75 असतं. ग्लुकोज सोडियमला आत ओढतं आणि पाणी त्यांच्यासोबत जातं. हे चमच्याने मापू नकोस, छोट्या काट्यावर तोलून दे. चव खारट लागते, म्हणून गार करून घोट-घोट प्यायला सांग. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासाच्या अंतराने. वरण-भातावर मीठ जरा सढळ. डॉक्टरांनी आतड्याची चाल मंद करणारं लोपेरामाइड जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायला सांगितलं. किडनी किंवा हृदयाचा त्रास असलेल्याला मात्र मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय सांगायचं नाही.

आठवड्यात पिशवी दोन लिटरच्या आत आली, लघवी एक लिटरच्या जवळ. त्याच्या बायकोने भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन आकडे लिहायला सुरुवात केली: पिशवी, लघवी, वजन. पिशवी रिकामी करताना मापाच्या भांड्यात ओतायची, अंदाजाने नाही. वजन सकाळी लघवी झाल्यावर, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत. एका दिवसात किलोभर उतरलं तर पाण्याकडे बघ. महिनाभरात हळूहळू उतरत गेलं तर अन्न पुरत नाहीये.

पाच महिन्यांनी आतडं मोठ्या आतड्याला जोडलं. शौच दिवसाला पाच-सहा वेळा व्हायची, वजन वाढू लागलं, सगळे निर्धास्त. मग मात्र कमरेत कळ आली आणि मूतखडा निघाला. मोठं आतडं जोडल्यावर ऑक्झलेटचा, म्हणजे खाण्यातून येणाऱ्या आणि मूतखडा बनवणाऱ्या पदार्थाचा, धोका सुरू होतो, तो आधी नव्हता. न पचलेली चरबी आतड्यातल्या कॅल्शियमला चिकटते. एरवी ते कॅल्शियम ऑक्झलेटला बांधून शौचावाटे नेतं. आता मोकळं राहिलेलं ऑक्झलेट मोठं आतडं शोषून घेतं. त्याच्या ताटात पालक, तिळाची चटणी, दिवसाला चार चहा आणि वर तर्री होतीच.

पिशवी असताना तेल-तूप मोकळं होतं, आता ते कमी करावं लागलं, आणि भात-भाकरी वाढवली. पालक, बीट, राजगिरा, अळू, बदाम बाजूला. कॅल्शियमची गोळी जेवणासोबत, उपाशीपोटी नाही, कारण ती ऑक्झलेटला पोटातच गाठायला हवी. लघवी दिवसाला दोन लिटर व्हावी एवढं पेय. व्हिटॅमिन सी च्या गोळ्या बंद, कारण त्याचंही शरीरात ऑक्झलेट बनतं. त्याने घाबरून विचारलं, "संत्रं पण नाही?" संत्र्याच्या फोडी खा म्हटलं, गोड रस मात्र नको, एकदम आलेली साखर आतड्यात पाणी ओढते.

तुझ्या पेशंटची पिशवी अजून आहे, म्हणजे आज ऑक्झलेटची यादी त्याच्या हातात देऊ नकोस. उद्या मापाचं भांडं आणि काटा घेऊन जा, चोवीस तासांचे आकडे लिहून घे, आणि रात्री मला फोन कर.

तुझी,
मॅडम