शिळाछाप पोथी, तिचं शेवटचं पान आणि वाचणारी माणसं

«एम.ए.च्या प्रकल्पाला 'छपाईमुळे कोण वाचू लागलं, कोण वाद घालू लागलं' हा विषय घेतलाय. गाव कराडजवळ. आजोळी पांडवप्रतापाची जुनी पोथी आहे, पण ग्रंथालयात दाखवली तर हस्तलिखित आहे म्हणाले. मग ती यात धरायची का? आणि नेमकं काय बघायचं?»

पोथी आधी खिडकीपाशी न्या आणि एका ओळीतली शाई बघा. बोरूने लिहिलेलं असेल तर बुडवल्यावरची दोन-चार अक्षरं गडद आणि पुढची फिकी होत गेलेली दिसतील. रेघेवर रेघ गेली असेल तिथे शाई दाट असेल, आणि चुकीवर बहुधा पिवळी हरताळ फासलेली सापडेल. यातलं काहीच नसेल, शाई पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकसारखी काळी असेल, तर ती शिळाछाप आहे. नुसत्या कागदावरून ठरवू नका, कारण गिरणीच्या कागदावरही लोक हाताने पोथ्या लिहीत होते. मग शेवटचं पान बघा. 'अमक्याच्या छापखान्यांत छापिलें, शके अमुक' असं असेल तर प्रश्नच मिटला. शकात 78 मिळवलं की इसवी सन येतं, एखाद्या वर्षाचा फरक पडतो.

हा घोटाळा होतो कारण शिळाप्रेसमध्ये खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, नसतातच. लेखनिक तेलकट शाईने कागदावर लिहितो, ते चुनखडीच्या दगडावर उतरवतात, दगड ओला करतात. पाणी कोऱ्या जागी बसतं, छपाईची शाई फक्त तेलकट अक्षरांना धरते. म्हणून हस्ताक्षर हुबेहूब माणसाचं. देवनागरीला काना-मात्रा-जोडाक्षरं धरून शेकडो खिळे लागतात. तो खर्च यात वाचतो, म्हणून आपल्याकडे शिळाछाप फार चालली.

माझं सगळ्यात मोठं नुकसान याच घोळात झालं. ग्रंथालयाचं नाव घेत नाही. तिथल्या नोंदवहीत शिळाछाप पोथ्यांचा अख्खा गठ्ठा 'हस्तलिखिते' म्हणून चढवलेला होता, म्हणून कपाट बंद, म्हणून समितीची परवानगी हवी, आणि समितीची बैठक कधी ते कुणालाच माहीत नाही. अखेर कपाट उघडलं तेव्हा पोथ्या आणि त्यांच्या शेजारची जुनी चोपडी नव्याने बांधून आली होती. बांधणाऱ्याने फाटकी वेष्टनं, जाहिरातींची पानं, आश्रयदात्यांच्या याद्या काढून टाकल्या होत्या. मी विचारलं, तर उत्तर मिळालं, "मजकूर सगळा आहे की, पुठ्ठा घेऊन काय करणार?" अजूनही चीड येते. मजकूर मुंबई-पुण्यातही मिळतो हो. पण कोणत्या गावच्या कुणी आगाऊ पैसे भरून किती प्रती घेतल्या, हे त्या यादीतच होतं, आणि आपल्या भागात कोण वाचत होतं याचा तो लेखी पुरावा होता. म्हणून आजोळची पोथी कुणालाही बांधायला देऊ नका. फडक्यात गुंडाळा आणि पहिल्या-शेवटच्या पानांचे फोटो आजच काढून ठेवा.

आता विषयाचं. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, वर्षानुवर्षं जुनी चोपडी बघत आलोय इतकंच, तेव्हा मार्गदर्शकांना विचारूनच लिहा. पण 'छापखाना आला आणि सगळे वाचू लागले' हे वाक्य प्रकल्पात घालू नका, ही माझी कळकळीची विनंती. आपल्या मिरजेचंच घ्या. 1805 साली गंगाधरराव पटवर्धनांनी तिथे तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं कोरवून गीता छापवली. नाना फडणवीसांच्या वेळी पुण्यात एका तांबटाकडून हे काम सुरू झालं होतं, नाना गेल्यावर तो तांबट मिरजेला आला. पण तांब्यावर कोरलेलं पान त्या पानापुरतंच. अक्षरं सुटी काढून त्यातून उद्या दुसरा मजकूर जुळवता येत नाही. गीता छापली, तरी ती वाचणारा वर्ग आधीचाच राहिला.

1831 मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजींनी पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली माणसं छापील कागदाला हात लावत नसत, तेव्हा त्यांनी तूप घालून शाई केली. म्हणजे छपाईने सुरुवातीला जुन्या वाचकाचं मन राखलं. पोथीचा आकारही तोच ठेवला, सुट्या लांबट पानांचा. तुमचा पांडवप्रताप या टप्प्यातला असू शकतो. तो प्रकल्पात जरूर घ्या, पण 'जुनं वाचन स्वस्त झालं' या भागात.

वाद घालणारी माणसं बदलली ती वर्तमानपत्रं आणि छोटी चोपडी निघाल्यावर. एकच उदाहरण नीट मांडा, दहा नकोत. 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी केली. त्यावरून वर्तमानपत्रांत बायकांच्या चालचलणुकीवर लिहून आलं. ते बुलढाण्यात ताराबाई शिंद्यांनी वाचलं. सभेत त्यांना उभं राहून बोलू दिलं असतं असं वाटत नाही. त्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून 1882 मध्ये पुण्याच्या शिवाजी छापखान्यातून छापून घेतली, 500 प्रती, किंमत नऊ आणे. टीका झाली, तेव्हा जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. लेख, त्याला उत्तर, उत्तरावर टीका, टीकेला उत्तर, आणि यातली माणसं एका खोलीत कधी बसलेली नसतीलही. तुमच्या विषयाचा गाभा हा आहे.

याची मर्यादाही लिहा. ते पुस्तक पुढे जवळजवळ विसरलं गेलं आणि 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं तेव्हा लोकांपुढे आलं. छापलं म्हणून पोचलंच असं नाही.

दुसरी मर्यादा आपल्या गावातली. पुस्तकं छापली गेली ती बहुतेक बाळबोधीत, आणि कुलकर्ण्याचं दप्तर राहिलं मोडीत. शाळेत बाळबोध शिकलेला कुणब्याचा पोरगा हरिविजय वाचून दाखवायचा, पण आपल्याच जमिनीचं खत त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागायचं. आमच्या वाळव्याकडच्या घरांत असे मोडी कागद अजून पेट्यांत आहेत. वाचनाचा हक्क मिळाला आणि कागदाचा नाही, हे छपाईवरच्या लेखांत फारसं येत नाही आणि मला ते फार खटकतं. तुमच्या आजोळीही मोडी कागद असतील तर पोथीशेजारी ठेवून दोन्हीवर लिहा.

प्रतींचे आकडे कुठून आणायचे? 1867 च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर छापणाऱ्याचं नाव आणि ठिकाण घालणं सक्तीचं झालं आणि पुस्तकाची सरकारी नोंद होऊ लागली. तीत पानं, किंमत, प्रतींची संख्या आणि पुस्तक खिळ्यांचं की शिळाछाप, हेही असायचं. या याद्या दर तिमाहीला सरकारी गॅझेटात छापत. मुंबई इलाख्याच्या याद्या मागा, सातारा त्यातच आहे. नावावरून सापडलं नाही तर छापखान्याच्या गावावरून शोधा, कारण इंग्रजीत नावांचं स्पेलिंग कसंही केलेलं असतं. आकडा छापलेल्या प्रतींचा आहे, विकलेल्यांचा नाही, एवढं तळटीपेत लिहा. 1867 च्या आधीच्या पोथ्या त्या यादीत शोधत बसू नका. तिथे तुमच्या हातातलं शेवटचं पानच कामाला येईल. त्याचा फोटो इथे टाका, शक आणि छापखाना लावून देतो.