कडक चहा प्यायला किंवा टेन्शन आलं की छातीत जोरात धडधडतं. डॉक्टरांना दाखवायलाच हवं का?

धडधड सुरू कशी होते आणि थांबते कशी, ते आधी बघा. चहाची किंवा घाबरण्याची धडधड हळूहळू चढते आणि हळूहळूच ओसरते. बसल्या जागी ठोके मिनिटाला शंभर-सव्वाशेपर्यंत जातात, पण पाणी पिऊन शांत बसलं की उतरायला लागतात. माझी धडधड तशी नव्हती. हा फरक कळायला माझी चार वर्षं गेली, म्हणून लिहितेय.

पहिल्यांदा झालं ते ठाणे स्टेशनवर, ट्रान्स हार्बरच्या फलाटावर. खाली ठेवलेली पिशवी उचलायला वाकले आणि बटण दाबल्यासारखी छाती धडधडायला लागली. गळ्याशी शीर इतकी उडत होती की शेजारच्या बाईंनी हात धरून बसवलं. वीसेक मिनिटांनी सुरू झालं तसंच एका क्षणात थांबलं. त्यानंतर तासभर लघवीला सारखं जावं लागलं. घरी हे सांगितलं तर सगळ्यांना नवल वाटलं, पण अशा धडधडीनंतर ते होतं.

डॉक्टरांकडे पोचेपर्यंत सगळं शांत झालेलं, ईसीजी नॉर्मल. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही ठीक. माझ्या थोरल्या भावाने निकालच लावला, "चहा बंद कर आणि डोक्यातले विचार कमी कर." मी सहा महिने चहा सोडला, तरी धडधड यायची ती आलीच. एकदा ईसीजी सतत नोंदवणारं होल्टर यंत्र चोवीस तास लावून फिरले, तर नेमकं त्या दिवशी काहीच झालं नाही. मग दादाला वाटलं, सिद्धच झालं.

माझ्या मते तिथेच सगळे चुकलो. नॉर्मल ईसीजी म्हणजे तो काढला त्या क्षणी हृदय नॉर्मल होतं, एवढंच. पट्टी हवी ती धडधड चालू असतानाची.

ती मिळाली रबाळ्याला ऑफिसमध्ये असताना. मैत्रिणीने रिक्षात घालून जवळच्या हॉस्पिटलात नेलं आणि दारातूनच सांगितलं, "आधी ईसीजी काढा, नाव-पत्ता नंतर लिहा." ठोके १८८, एकसारखे. डॉक्टरांनी सुई नसलेली १० मिलीची सिरिंज तोंडात दिली आणि दट्ट्या हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायला लावलं. मग लगेच आडवं करून पाय वर उचलून धरले. बऱ्याच जणांचं तेवढ्यानेच थांबतं, माझं थांबलं नाही. मग शिरेतून अ‍ॅडेनोसिन झटकन दिलं. काही सेकंद छाती आवळली, आता जाते की काय असं वाटलं आणि ठोके ९२ वर आले. निदान एसव्हीटी. हृदयातल्या विजेला जन्मापासून एक जास्तीची वाट असते आणि ती वीज तिथे गोल गोल फिरत राहते. पुढे मांडीच्या सांध्यातल्या शिरेतून बारीक तारा घालून ती वाट जाळली, त्याला अ‍ॅब्लेशन म्हणतात. दुसऱ्या दिवशी घरी. नंतर ती धडधड परत आली नाही.

म्हणून तुम्ही पुढच्या वेळी मनगटावर बोटं ठेवून अर्धा मिनिट ठोके मोजा, दुप्पट करा आणि ते एकसारखे पडतात की वेडेवाकडे, ते लिहून ठेवा. बसल्या जागी दीडशेच्या वर गेले किंवा एका क्षणात सुरू होऊन एका क्षणात थांबत असतील, तर जवळ जिथे ईसीजी निघेल तिथे धडधड चालू असतानाच जा. पट्टीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. माझं अर्धं काम त्या फोटोने झालं.

धडधडीबरोबर छातीत दुखलं, दम लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा शुद्ध हरपली, तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा. पळताना किंवा जिने चढताना चक्कर येत असेल, आधीपासून हृदयाचा आजार असेल किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर धडधड थांबली तरी तपासून घ्या. साठीच्या पुढच्या माणसाचे ठोके वेडेवाकडे पडत असतील, तर त्यालाही दाखवा. त्यात कधी हृदयात गुठळी होऊन लकवा होतो.

हेही सांगायला हवं की बहुतेकांची धडधड खरंच चहाची, जागरणाची किंवा काळजीचीच असते. तुमची चहानंतर चढून उतरत असेल, तर आधी कप कमी करून बघा. आणि सिरिंजचा उपाय निदान होण्याआधी घरी करू नका.

दादा अजून म्हणतो की मी प्राणायाम सुरू केला म्हणून बरं वाटलं. प्राणायाम मी अ‍ॅब्लेशननंतर चार महिन्यांनी सुरू केला. आणि चहा आजही दोन वेळा पिते, आलं घालून.