सोलरची टाकी दुपारी रिकामी सापडली तर

सांगलीत उन्हाळ्यात पाणी गेलं आणि भर दुपारी काचेच्या नळ्यांच्या सोलर वॉटर हीटरची टाकी कोरडी पडली, तर पाणी आल्याबरोबर भरायची घाई करू नका. कोरडी नळी आतून २०० अंशांच्या आसपास तापते. त्यावर गार पाणी पडलं की काच तडकलीच. आधी थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा, नळ्यांवर जाड कापड टाका आणि पहाटे भरा. नळीच्या दुहेरी काचेमधल्या निर्वात पोकळीमुळे ती सावकाश निवते, म्हणून संध्याकाळचा भरवसा नको.

मग नळ्यांची खालची टोकं बघा. चंदेरी थर पांढरा झालेला दिसला तर निर्वात गेला, ती नळी उष्णता धरणार नाही. नवी बसवताना रबरी सीलला साबणाचं पाणी लावून फिरवत सरकवा. ग्रीस मात्र नको, रबर फुगतं.